शेवटच्या तीन देगा: दावतीतलं अन्न वाया कुठे जातं?

लग्नसराईत अन्नाच्या नासाडीवर बोलायला लागलं की सगळे जण पाहुण्यांच्या ताटाकडे बोट दाखवतात. "लोक भरभरून घेतात आणि टाकतात." हे खरं आहे, पण अर्धंच. मोर्शीकडच्या दावती जवळून पाहिल्या तर जास्त नुकसान ताटात होत नाही. ते होतं मांडवामागे, बावर्चीच्या चुलीवर, आणि तेही पाहुणा दारात यायच्या आधी. दावतीच्या आठ दिवस अगोदर जो आकडा ठरतो, तिथेच नासाडी ठरून जाते.

हा आकडा कसा ठरतो ते पाहू. समजा, यजमानाने तीनशे पत्रिका वाटल्या. एका घरचे चार धरले तर बाराशे माणसं. आपल्याकडे आमंत्रणाचे प्रकार आहेत. कुणाला घरपीछे एक, कुणाला चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूलच पेटवायची नाही. पण हिशेब करताना हा फरक कुणी मांडत नाही, सगळ्यांना चार. वर यजमान मनाने शंभर वाढवतो, "आगाऊचे असू द्या." मग बावर्ची म्हणतो, "भाईजान, पंधरासौ का पकाओ, कम पड गया तो इज्जत का सवाल है." अशी पंधराशेंची तयारी होते. प्रत्यक्षात येतात हजार, कारण त्याच दिवशी वरूडला एक लग्न असतं, चांदूरबाजारला दुसरं, आणि एकाच घरातले लोक वाटून जातात.

पुलावाचा साधा हिशेब माणशी शंभर ग्रॅम तांदूळ आणि जवळपास तेवढंच गोश्त. मुलं कमी खातात, तरणी पोरं जास्त, सरासरी तिथेच येते. पंधराशेंसाठी दीडशे किलो तांदूळ, पंधरा किलोची एक याप्रमाणे दहा देगा. हजार माणसांनी शंभर किलोचा पुलाव खाल्ला. उरला पन्नास किलो तांदळाचा. म्हणजे तीन देगा अख्ख्या आणि एक थोडी. शिजल्यावर तांदूळ अडीच-तीन पट होतो, शिवाय त्यात गोश्त. असा हा दीड क्विंटलच्या घरातला ऐवज संध्याकाळी चार वाजता मांडवामागे उभा असतो आणि दमलेला यजमान विचारतो, "आता याचं काय करायचं?"

शिक्षक म्हणून मला हे पन्नास किलो लगेच दुसऱ्या मापात दिसतात. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीच्या मुलाला दीडशे ग्रॅम असं प्रमाण आहे. म्हणजे त्या तीन-साडेतीन देगा प्राथमिकच्या पाचशे मुलांचं एका दिवसाचं जेवण झालं.

आता यजमानाची बाजू. त्याला उधळ्या म्हणणं सोपं आहे, पण तो उधळपट्टी म्हणून जास्तीचं शिजवत नाही, भीतीपोटी शिजवतो. "सर, उरलं त चालते, पण कमी पडलं त लोक वर्षभर बोलतीन," असं तो म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो. आपल्या भागात कमी पडलेली दावत दहा वर्षं लक्षात ठेवतात, फेकलेली देग दुसऱ्या दिवशी विसरतात. शिवाय मेहमानाचा हक्क दीनमध्येही मोठा आहे. पाहुण्याचा मान राखणं ईमानाशी जोडलेलं आहे. म्हणून 'कमी शिजवा' एवढंच सांगून कुणी ऐकणार नाही. त्याची भीती खरी मानून उपाय शोधावा लागतो.

उपाय चुलीवरच आहे आणि जुन्या बावर्चींना तो माहीत आहे. यखनी पुलावात गोश्ताची यखनी आधी तयार होते आणि तांदूळ शेवटी पडतो. तांदूळ भिजलेला असेल तर टाकल्यापासून दम बसेपर्यंत साधारण पाऊण तास लागतो. मग दहाच्या दहा देगा सकाळी अकरालाच का लावायच्या? सात लावा. उरलेल्या तिघींचा तांदूळ पोत्यातच राहू द्या, भिजवूही नका. जोहरच्या नमाजनंतर पहिल्या दोन पंगती उठल्या की अंदाज येतो. त्यासाठी डोकी मोजत बसायची गरज नाही. वापरलेल्या प्लेटा धुवायला जातात तिथे एक जाणता मुलगा बसवा, शंभराची थप्पी झाली की त्याने काडी मांडायची. दोन वाजता सहा काड्या झाल्या आणि गर्दी ओसरू लागली तर आठवी देग लावायची गरज नाही. गर्दी वाढत असेल तर त्याच वेळी तांदूळ भिजवायला सांगा. उघडलेल्या देगा संपेपर्यंत नवी तयार होते. न वापरलेला कोरडा तांदूळ खराब होत नाही. दुकानदाराशी आधी बोललं असेल तर न फोडलेलं पोतं परतही जातं.

याला मर्यादा आहे. कच्च्या गोश्ताच्या बिर्याणीत हे जमत नाही, कारण गोश्त आधीच मसाल्यात मुरवलेलं असतं आणि आपल्या उन्हाळ्यात ते बाहेर ठेवणं धोक्याचं. तिथे गोश्तच टप्प्याने मागवावं लागतं. यखनीही पेटत्या चुलीवर उकळतीच ठेवावी लागते, कोमट करून झाकून ठेवली तर आंबते. पण तांदूळ न पडलेली यखनी उरली तर निदान तिचं सालन होतं आणि त्याच दिवशी घराघरांत गरम जातं.

थालात वाढून दस्तरखानावर बसवायची पद्धतही बघता बघता मागे पडली. बुफेत माणूस दुसऱ्यांदा रांगेत उभं राहायला नको म्हणून एकदाच डोंगर रचतो. थालात कमी पडलं तर वाढणारा समोरच असतो. खर्च आणि माणसं जास्त लागतात हे मान्य, पण जिथे शक्य आहे तिथे मला थालच बरा वाटतो.

आता भुकेल्यांचा प्रश्न. आपली सवय अशी की उरलं की वाटायचं. चार-पाच वाजता पिकअपमध्ये देगा चढवायच्या, दवाखान्याजवळ, बसस्टँडवर किंवा मजुरांच्या पालांवर जायचं, आणि सवाबचं काम केलं म्हणून समाधानाने परतायचं. नियत चांगली असते. पण त्या भाताचं वय किती झालेलं असतं? सकाळी अकराला शिजलेला, बाराला उघडलेला, चाळीस-बेचाळीस डिग्रीच्या मांडवात पाच तास उभा असलेला भात. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जीवाणू असतो. त्याचे बीजाणू शिजवतानाही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की ते जागे होऊन वाढतात. त्यातून तयार होणाऱ्या एका विषाने उलट्या होतात, आणि हे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. वास येईलच असंही नाही. म्हणून 'हुंगून पाहिलं, चांगलं आहे' ही कसोटी पुरत नाही. घड्याळ पाहावं लागतं. झाकण न काढलेली, दमावरची, हात न ठेववेल इतकी गरम देग देण्यासारखी असते. अन्न साठ डिग्रीच्या वर गरम राहिलं तर जीवाणू वाढत नाहीत. उघडून कोमट झालेली देग तासा-दोन तासांत पोटात गेली पाहिजे. आणि काउंटरवर ज्यात सगळ्यांचे चमचे फिरले, ते तर कुणाला देऊच नये.

'मग जनावरांना टाकू' असं कुणी म्हणतं. गाय-म्हशीला एकदम ढीगभर भात घातला तर पोटात आम्ल वाढून पोट फुगतं, जनावर दगावतं. रस्त्याकडेला ओतलेली देग हे पुण्य नाही, सवाब तर नाहीच.

कुरआनमध्ये खर्च करण्याविषयी सांगताना स्पष्ट ताकीद आहे की, जी वस्तू स्वतःला कुणी दिली तर तुम्ही डोळे झाकूनच घ्याल, अशी निकृष्ट वस्तू दान म्हणून निवडू नका. संध्याकाळची देग या कसोटीवर ठेवून पाहा. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका हदीसमध्ये ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलावलं जातं आणि गरिबांना वगळलं जातं, त्या जेवणाला सर्वांत वाईट म्हटलं आहे. इथे बोलावण्याचा उल्लेख आहे. उरलेलं पोहोचवण्याचा नाही. आणि खैबरहून परतताना हजरत सफिया (रजि.) यांच्याशी झालेल्या निकाहचा वलीमा तर चामड्याच्या दस्तरखानावर खजूर, पनीरसारखा सुकवलेला पदार्थ आणि तूप एवढ्यावर झाला, ज्याच्याजवळ जे होतं ते त्याने आणलं. यजमानाची इज्जत देगांच्या संख्येवर मोजायची पद्धत आपण नंतर आणली.

माझं म्हणणं असं की गरिबांचा वाटा शेवटच्या देगेतून नको, पहिल्या देगेतून काढा. दहा देगांच्या हिशेबात एक देग त्यांच्या नावाची धरा. ती सर्वांत आधी उतरवा, झाकण न काढता न्या, आणि पाहुणे जेवायला बसायच्या सुमारास तिथेही वाढणं सुरू होऊ द्या. पंधरा किलोच्या देगेत दीडशे माणसं जेवतात. यजमानाला हे जास्तीचं वाटेल, पण वर पाहिलंत ना, तीन देगा तो तसाही फेकतच होता. त्यातल्या दोन वाचल्या, एक योग्य वेळी योग्य तोंडी गेली.

हे आपल्याच राज्यात वेगळ्या रूपात घडलेलं आहे. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, युसूफ मुकाती यांनी डिसेंबर 2015 मध्ये रोटी बँक सुरू केली. तिथे सदस्य आपल्या घरच्या ताज्या स्वयंपाकातून किमान दोन रोट्या आणि भाजी किंवा सालन आणून देत. उरलंसुरलं नव्हे, आपल्या ताटातला हिस्सा. गरजूंनी येऊन आपलं आपण घेऊन जायचं. दावतीतही हेच तत्त्व लागू करता येतं. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2019 मध्ये स्वतंत्र नियमही केले आहेत. वाटणाऱ्या संस्थांनी नोंदणी करावी, अन्न वेगळं आणि सुरक्षित तापमानात ठेवावं अशी त्यात अपेक्षा आहे. मोर्शीसारख्या गावात रोज अशी संस्था हाताशी नसते, म्हणून आधीच काढलेली देग जास्त सोयीची.

देताना दोन गोष्टी पाळाव्यात. शाळेत आहार वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची असते, तसं नेणाऱ्याने तिथेच बसून पहिला घास स्वतः खावा. आणि देगेत काय आहे ते आधी सांगावं. दवाखान्यात बसलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांत, संत्र्याच्या बागेतल्या मजुरांत गोश्त न खाणारेही असतात, कुणाचा उपवास असतो. न सांगता पुढे केलेली प्लेट त्यांचा अपमान ठरू शकते. त्यामुळे ती एक देग साध्या खिचडीची किंवा वरण-भाताची केली तर कुणालाच विचारात पडावं लागत नाही. खर्चही निम्म्याहून कमी येतो. बावर्चीला मात्र आगाऊ सांगून ठेवा, भांडी आणि चमचा वेगळा लागेल.