अपघाताचा फौजदारी गुन्हा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यांत अपघाताची फिर्याद बहुधा एकाच साच्यातून निघते. ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून’ अमुक व्यक्तीच्या मृत्यूस चालक कारणीभूत झाला, असे हे वाक्य असते. ते वाचले की गुन्हा जवळजवळ सिद्ध झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्या एका वाक्यात दोनतीन निरनिराळे आरोप असतात आणि न्यायालयात त्यांतला निदान एक तरी पुराव्याने उभा करावा लागतो. अपघाताच्या खटल्यांबद्दलचे बरेचसे गैरसमज इथूनच सुरू होतात.

पहिला गैरसमज असा, की बेदरकारपणा आणि हयगय हे एकाच गोष्टीचे दोन शब्द आहेत. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८१ मध्ये यांतला जो फरक सांगितला, त्याचा आधार भारतीय न्यायालये आजही घेतात. बेदरकारपणात माणसाला धोका दिसत असतो. इजा करण्याचा हेतू नसतो, पण ‘होईल काय, निघून जाऊ’ म्हणून तो धोका पत्करतो. घाटातल्या आंधळ्या वळणावर समोरचे काही दिसत नसताना ट्रकला ओव्हरटेक करणारा चालक या प्रकारात मोडतो. हयगयीत धोका लक्षातच आलेला नसतो, पण तो लक्षात यायला हवा होता. सोसायटीच्या आवारात मागे न बघता टेम्पो रिव्हर्स घेणारा आणि मागे खेळणाऱ्या मुलाला धडक देणारा चालक हे त्याचे उदाहरण. मात्र साधी चूक म्हणजे गुन्हा नव्हे. शिक्षा होण्यासाठी हयगय ठळक आणि दोषास्पद असावी लागते. देखभाल नीट ठेवलेल्या गाडीचा टायर अचानक फुटला आणि त्यातून अपघात घडला, तर दोन्हींपैकी काहीच सिद्ध होत नाही.

यालाच जोडून दुसरी समजूत असते, की बेदरकारपणाला जबर शिक्षा आणि हयगयीला सौम्य. कायद्यात अशी विभागणी नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये दोन्ही एकत्र आहेत आणि दोन्हींना पाच वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली हीच मर्यादा दोन वर्षांची होती. कोणालाही इजा झाली नाही, तरी सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवणे हा कलम २८१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. मृत्यू झाला की चालक लगेच गजाआड जातो, हेही खरे नाही. १०६(१) हा जामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षेत खरी उडी पडते ती प्रकरण ‘सदोष मनुष्यवधा’त गेल्यावर, आणि ती सीमा पुढे पाहू.

‘मोठ्या गाडीचीच चूक’ हा रस्त्यावरचा अलिखित नियम. ट्रक आणि दुचाकीची टक्कर झाली की गुन्हा ट्रकचालकावर, ही सवय जमावाला असते, तशीच काही वेळा फिर्याद लिहून घेणाऱ्यालाही असते. कायद्यात वाहनाच्या आकारावरून दोष ठरवणारे कोणतेही कलम नाही. वेगाचेही तसेच. कर्नाटकातील एका ट्रक अपघाताच्या खटल्यात साक्षीदारांनी ट्रक ‘अतिवेगात’ होता एवढेच सांगितले होते. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अतिवेग ही सापेक्ष गोष्ट आहे. त्या ठिकाणी, त्या वेळी तो वेग धोकादायक का होता, हे सांगितल्याशिवाय बेदरकारपणा किंवा हयगय सिद्ध होत नाही. चालकाची निर्दोष मुक्तता कायम राहिली. रिकाम्या महामार्गावर ताशी ऐंशीचा वेग आणि शाळा सुटण्याच्या वेळी गावातल्या रस्त्यावर चाळीसचा वेग यांत दुसरा अधिक घातक असू शकतो.

लायसन्सबद्दलही असाच समज आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात जीप चालवणाऱ्याकडे फक्त शिकाऊ परवाना होता आणि त्या जीपच्या धडकेने एक माणूस दगावला होता. १९६७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याला मृत्यूस कारणीभूत झाल्याच्या आरोपातून सोडले, कारण अपघात नेमका कसा घडला याचा पुरावाच नव्हता. पक्का परवाना नाही म्हणून माणसाला गाडी चालवता येत नाही, असे गृहीत धरता येत नाही. विनापरवाना चालवण्याचा गुन्हा वेगळा, त्याची शिक्षा वेगळी. तो मृत्यूच्या गुन्ह्याचा पुरावा होत नाही.

आता सदोष मनुष्यवधाची सीमा. ‘मारायचा हेतू नव्हता, म्हणजे फार तर हयगय’ हा बचाव बहुतेकांना बिनतोड वाटतो. मुंबईच्या कार्टर रोड खटल्यात तो टिकला नाही. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्यातील कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर चढली. तिथे मजूर झोपले होते. सात जण ठार झाले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क आढळला, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ११२ मिलिग्रॅम. मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. सत्र न्यायालयाने त्याला हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल दोषी धरले आणि सहा महिन्यांची कैद व पाच लाखांचा दंड ठोठावला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतले आणि २००७ मध्ये सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली, म्हणजे तेव्हाच्या कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली, तीन वर्षांची सक्तमजुरी दिली. १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

या निकालाचा कणा ‘हेतू’ नसून ‘जाणीव’ आहे. दारू पिऊन बेफाम गाडी हाकणाऱ्याला आपल्या कृत्याने माणसे मरू शकतात हे ठाऊक असते, असे परिस्थितीवरून दिसत असेल, तर प्रकरण हयगयीच्या चौकटीत मावत नाही. आज हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०५ मध्ये येतो. जाणीव होती पण हेतू नव्हता अशा प्रकारात दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हा गुन्हा अजामीनपात्र आहे. अर्थात चालक प्यायलेला होता एवढ्यावर कलम १०५ आपोआप लागत नाही. मद्याचे प्रमाण, वेग, जागा आणि गाडी कशी हाकली जात होती हे सारे एकत्र पाहिले जाते. म्हणूनच रक्ताचा नमुना किती वेळाने घेतला, हा अशा खटल्यांतला कळीचा मुद्दा ठरतो. तास उलटत जातात तसे रक्तातले मद्य उतरत जाते.

अपघातस्थळी काय करायचे, याबद्दलचे गैरसमज अधिक महागात पडतात. ‘थांबलो तर लोक मारतील, पळालो तर दहा वर्षे’ अशा कात्रीत चालक सापडतो. दहा वर्षांची तरतूद आहे ती कलम १०६(२) मध्ये. बेदरकारपणे व हयगयीने वाहन चालवून मृत्यू घडवायचा आणि पोलीस किंवा दंडाधिकारी यांना न कळवता पळून जायचे, यासाठी ती आहे. जानेवारी २०२४ मधला ट्रकचालकांचा संप याच कलमावरून झाला. १ जुलै २०२४ ला संहिता लागू करणाऱ्या अधिसूचनेतून हे एकच उपकलम वगळलेले होते.

म्हणून पळून जाणे मोकळे आहे, असे मात्र नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळावी यासाठी शक्य ती पावले उचलली पाहिजेत. जमावाचा प्रक्षोभ किंवा आवाक्याबाहेरचे कारण असेल, तर मदतीच्या या कर्तव्यातून तोच कायदा सूट देतो. कळवण्याच्या कर्तव्यातून सूट नाही. घटनास्थळी पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, आणि काही झाले तरी २४ तासांच्या आत, माहिती द्यावी लागते. विमा कंपनीलाही लेखी कळवावे लागते. हे न केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा जमाव अंगावर येत असेल तर चालकाने थेट पोलीस ठाणे गाठणे हाच कायद्याला धरून असलेला मार्ग. घरी किंवा गॅरेजमध्ये गाडी नेली की हाच चालक ‘फरार’ होतो.

जीवाला धोका नसेल तर क्रम साधा आहे. गाडी थांबवून धोक्याचे चारही दिवे लावावेत, मागून येणाऱ्यांना इशारा मिळेल असे काही करावे, मग १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलिसांना कळवावे. जखमीला दवाखान्यात नेले म्हणजे गुन्हा कबूल केला, ही भीती निराधार आहे. मदत करणे हे चालकाचे कर्तव्यच आहे आणि ती केल्याने दोष सिद्ध होत नाही. जखमीला हलवायचे नसेल, तर वाहने शक्यतो जागची हलवू नयेत. हलवावीच लागली तर आधी फोटो काढावेत : चाकांच्या जागा, ब्रेकच्या खुणा, फुटलेल्या काचा, रस्त्यावरील दिवे, अडथळे, सिग्नल. घटनास्थळाचा पंचनामा पुढे याच गोष्टींवर उभा राहतो, आणि पावसाची एक सर बरेच काही धुऊन नेते. डॅशकॅमचे चित्रण आणि जवळच्या दुकानाच्या कॅमेऱ्याची जागा लगेच नोंदवून ठेवावी, कारण जुन्या चित्रणावर नवे चढत जाते.

पोलिसांना नाव, परवाना, गाडीचे कागद, वेळ आणि जागा खरी द्यावी. चूक कोणाची यावर तिथेच वाद घालण्याची किंवा जमावासमोर ‘माझंच चुकलं’ म्हणण्याची गरज नसते. मालक गाडी चालवत असताना अपघात झाला की ‘ड्रायव्हरला हजर करू’ हा सल्ला मात्र हमखास कोणीतरी देते. तो हयगयीच्या जामीनपात्र प्रकरणाला पुरावा दडपण्याच्या आणि खोटी माहिती देण्याच्या नव्या गुन्ह्याची जोड देतो. मोटार वाहन निरीक्षक गाडीची तपासणी करेपर्यंत तिची दुरुस्तीही करू नये. ब्रेक निकामी झाला होता असे चालकाचे म्हणणे असेल, तर तो ब्रेक तपासला जाणे त्याच्याच हिताचे असते.

शेवटची समजूत तडजोडीची. ‘घरच्यांना पैसे दिले, मिटलं’ असे गावोगावी ऐकू येते. मृत्यूचा गुन्हा मात्र राज्याविरुद्धचा असतो. कलम १०६ आपसात मिटवण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत नाही, त्यामुळे नातेवाइकांनी लिहून दिले तरी खटला चालतो. भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे स्वतंत्र चालतो आणि तिथली मोजपट्टी वेगळी आहे. फौजदारी न्यायालयात दोष संशयातीत सिद्ध व्हावा लागतो, तर न्यायाधिकरणाला संभाव्यता पुरते. म्हणून निर्दोष सुटलेल्या चालकाच्या विमा कंपनीलाही भरपाई द्यावी लागू शकते. पादचाऱ्याचीही चूक असेल, तर न्यायाधिकरण त्या प्रमाणात रक्कम कमी करते. फौजदारी खटल्यात अशी वजाबाकी नसते. तिथे एवढेच पाहिले जाते, की चालकाची कृती हे मृत्यूचे थेट आणि निकटचे कारण होते की नाही.