नव्या रूममेटला पाठवलेल्या एका मेसेजची गोष्ट

पुण्यात फ्लॅट शेअर करून राहिलेल्या बहुतेक मुलींच्या फोनमध्ये असा एक मेसेज सापडेल. नवी मुलगी राहायला येण्याच्या आदल्या संध्याकाळी आलेला. सुरुवातीला ‘वेलकम!’, मग पाहुणे, आवाज आणि सामायिक सामान यांबद्दल चार-दोन ओळी, शेवटी एक हसरा चेहरा. वाचायला मिनिटभर लागतं. कोथरूडच्या आमच्या टू बीएचकेमधला असाच मेसेज मी लिहिला, तेव्हा त्या एका मिनिटामागे अडीच वर्षांचे किस्से होते.

आम्ही तिघी. साताऱ्याची, नागपूरची आणि मी लातूरची. चौथी रत्नागिरीहून येणार होती. माझ्या पहिल्या मसुद्यात सात वेळा ‘नाही’ होतं. पाहुणे चालणार नाहीत, दहानंतर आवाज चालणार नाही, दुसरीचं सामान वापरायचं नाही. पोळ्या लाटता लाटता आमच्या स्वयंपाकाच्या काकूंनी तो ऐकून घेतला आणि विचारलं, “ती राहायला येतीय की दंड भरायला?” मसुदा तिथेच पुसला. मग आम्ही तिघी हॉलमध्ये बसलो आणि एकेक ‘नाही’ मुळात कुठून आलं, ते शोधू लागलो.

‘पाहुणे नाहीत’ हे आलं साताऱ्याचीच्या मावसबहिणीवरून. ती एमपीएससीच्या परीक्षेसाठी दोन दिवस आली आणि बारा दिवस राहिली. बाथरूम एकच, सोसायटीचं पाणी सकाळी साडेसहा ते साडेसात. आंघोळींच्या रांगेत आणखी एक घुसली की शेवटचीची बस चुकते, आणि शेवटची मीच असायचे. मी पाहुणीवर चिडले आहे असंच मला वाटत होतं. पण मुलगी गुणाची होती. भांडी घासायची, कचरा खाली न्यायची. ती गेल्यावर तर घर सुनं वाटलं. खरं दुखलं होतं ते वेगळंच. तिसऱ्या दिवशीही आम्हाला कोणी विचारलं नव्हतं आणि चौथ्या दिवसापासून विचारायची वेळ निघून गेली होती. म्हणून नियम पाहुण्यांवर न बसवता तिसऱ्या रात्रीवर बसवला: दोन रात्रींसाठी आदल्या दिवशी सांगणं पुरे, तिसऱ्या रात्रीसाठी सगळ्यांना विचारायचं.

आवाजाचं प्रकरण जास्त चिघळलेलं होतं. नागपूरची अमेरिकेच्या वेळेवर काम करते, तिचे कॉल रात्री दीडपर्यंत चालतात आणि झोपायला तीन वाजतात. साताऱ्याची सकाळी सव्वासहाला मिक्सरवर डब्याची चटणी वाटते आणि सातला दहा कमी असताना बाहेर पडते. दोघींनाही आपणच सोसतोय असं मनापासून वाटायचं. साताऱ्याचीने एकदा कायदाच काढला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा, म्हणजे सव्वासहाचा मिक्सर दिवसातच मोडतो. मुद्दा बरोबर होता, पण त्याने कोणाला झोप लागली नाही.

शेवटी नागपूरचीला आम्ही एकच काम दिलं: जाग आली की फक्त घड्याळ बघायचं. चार दिवसांचे आकडे आले, ६.५१, ६.४९, ६.५२, ६.५०. मिक्सर तर साडेसहाच्या आतच बंद झालेला असायचा. तिला उठवत होतं ते बाहेरचं लोखंडी सेफ्टी डोअर. साताऱ्याची घाईत ते ओढून घ्यायची आणि त्याचा दणका चौकटीतून थेट पलीकडच्या बेडरूमच्या भिंतीत जायचा. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून रबराची चार बटणं आणून चौकटीला चिकटवली आणि आठ महिन्यांचा अबोला संपला. मिक्सरखालीही एक घडी घातलेला जाड टॉवेल आला, कारण ओट्याची कंपनं तीच भिंत पकडतात. तो मात्र साताऱ्याचीने आपणहून ठेवला.

‘सामायिक सामान’ या दोन शब्दांआड सगळ्यात जुनी जखम होती. आमच्याकडे दूध, चहा, साखर, तेल, कचऱ्याच्या पिशव्या आणि गॅस कॉन्ट्रीत, बाकी टीटीएमएम. ऐकायला सोपं. पण आमच्या आधीच्या चौथीने आल्या दिवशी सिलिंडरचा पाव हिस्सा भरला आणि चौथ्या दिवशी गॅस संपला. पुढच्या सिलिंडरचाही पाव हिस्सा तिने निमूट दिला. पाच महिन्यांनी सामान बांधताना ती बोलली, “पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला फसवलंत.” आम्हाला त्याची कल्पनाही नव्हती. ती पाच महिने ते मनात घेऊन आमच्यासोबत जेवत होती, ही गोष्ट मला अजून टोचते.

म्हणून या वेळी आम्ही सिलिंडर जोखला. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस भरलेला असतो १४.२ किलो, आणि रिकाम्या टाकीचं वजन वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर कोरलेलं असतं. आमच्या टाकीवर १५.८ होतं. रेग्युलेटर बंद करून काढला, टोपी लावली, प्रवासाच्या बॅगा जोखायचा हुकाचा काटा कड्यात अडकवला आणि दोघींनी उचलला. काटा म्हणाला १८.६. म्हणजे गॅस उरला २.८ किलो, साधारण पाचवा हिस्सा. आमचं सिलिंडर पंचेचाळीस दिवस जातं, तेव्हा हे आठ-नऊ दिवसांचं काम. एवढ्यासाठी नवीकडून काय घ्यायचं? हे सिलिंडर आमच्याकडून, तिचा हिस्सा पुढच्यापासून, असं ठरलं. काकू म्हणाल्या, मी टाकी नुसती हलवून सांगितलं असतं. त्यांचा अंदाज आठवड्याचा होता.

मग मेसेज असा झाला:

“उद्या ये, आम्ही वाट बघतोय. तुझ्यासाठी कपाटाचा डावा खण आणि फ्रिजचा मधला कप्पा रिकामा केलाय. घराच्या तीन गोष्टी सांगून ठेवते. पाहुणे: दोन रात्रींपर्यंत आदल्या दिवशी ग्रुपवर टाक, तिसऱ्या रात्रीसाठी सगळ्यांना विचारू, कारण बाथरूम एक आणि पाणी तासभर. आवाज: नागपूरची तीन ते साडेदहा झोपते, तेवढ्या वेळात सेफ्टी डोअर हाताने धरून लाव. सामान: दूध-चहा-साखर-तेल-गॅस कॉन्ट्रीत, महिन्याच्या पाच तारखेला हिशोब. चालू सिलिंडर आमच्याकडून. घरून आलेले डबे ज्याचे त्याचे, पण विचारलंस तर कोणी नाही म्हणत नाही. आता तुझी एक गोष्ट सांग, जी आम्हाला आधी माहीत असलेली बरी.”

शेवटचं वाक्य नागपूरचीचं. तिचं म्हणणं, नुसतं ‘ओके’ आलं तर समोरचीने नियम ऐकले एवढंच कळतं, तिला काय लागतं ते कळत नाही.

रात्री साडेदहापर्यंत उत्तर नव्हतं. दोन निळ्या खुणा मात्र दिसत होत्या. मला वाटलं, लांबलचक मेसेजने पोरगी घाबरली. अकराला उत्तर आलं: “दर रविवारी सकाळी आईशी तासभर फोनवर बोलते. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे फार मोठ्याने बोलावं लागतं. मागच्या घरी जिन्यात बसून बोलायचे. इथेही जिना आहे ना?”

नागपूरचीने माझ्या हातातून फोन घेतला आणि लिहिलं, “जिन्यात कशाला? रविवारी मी दुपारी झोपेन.”