चिप किती वीज खाणार, याचा आडाखा

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर 74HC04 ही चिप अगदी थोड्या पैशांत मिळते. चौदा पायांच्या त्या काळ्या तुकड्यात सहा नॉट गेट असतात. आत ० आला की बाहेर १, आत १ आला की बाहेर ०, एवढेच प्रत्येकाचे काम. ५ व्होल्टचा पुरवठा देऊन सगळ्या इनपुट पक्क्या बांधून ठेवल्या, तर साध्या खोलीच्या तापमानाला ही चिप जेमतेम एक-दोन मायक्रोअँपियर प्रवाह घेते. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तिच्या एका गेटला ८ मेगाहर्ट्झचा क्लॉक द्या, आणि प्रवाह शेकडो पटींनी वाढतो. वाढीव वीज कुठे जाते आणि ती आधीच कशी मोजून ठेवायची, हे समजून घ्यायला ही स्वस्त चिप फार चांगली आहे.

सीमॉस गेटमध्ये ट्रान्झिस्टरची जोडी असते. वरचा, पीमॉस, आउटपुटला पुरवठ्याशी जोडतो. खालचा, एनमॉस, त्याला ग्राउंडशी जोडतो. एक चालू असताना दुसरा बंद असतो, त्यामुळे पुरवठ्यापासून ग्राउंडपर्यंत सरळ वाट कधी उघडी राहत नाही. फ्रँक वॉनलास यांनी १९६३ साली फेअरचाइल्ड कंपनीत ही रचना मांडली तेव्हा तिचे मोठे आकर्षण हेच होते : गेट गप्प बसले की वीज नॅनोवॅटच्या घरात.

पण गेटला बोलावे लागते. आउटपुटवर पुढच्या गेटच्या इनपुट असतात, तांब्याचा पट्टा असतो, आणि या प्रत्येकात थोडे कपॅसिटन्स असते. आउटपुट ० वरून १ वर जायचे, तर हे सारे पुरवठ्याच्या व्होल्टेजपर्यंत चार्ज करावे लागते. १ वरून ० वर यायचे, तर तो चार्ज ग्राउंडमध्ये सोडून द्यावा लागतो.

यासाठी गच्चीवरची उभी टाकी डोळ्यांपुढे आणा. पाइप तिच्या काठावरून आत सोडलेला आहे. टाकी रिकामी असो वा अर्धी भरलेली, पंपाला प्रत्येक थेंब काठापर्यंतच चढवावा लागतो. पहिले पाणी काठावरून थेट तळाला आदळते आणि शेवटचे जवळजवळ पडतच नाही, म्हणून सरासरीने चढवलेली अर्धी ऊर्जा पडण्यातच जाते. उरलेली अर्धी टाकीत साठते, आणि खालचा नळ सोडला की तीही जाते. आता टाकीची उंची दुप्पट करा. पाणी दुप्पट मावेल आणि त्यातला प्रत्येक थेंब दुप्पट उंच चढवावा लागेल, म्हणून पंपाचे काम चौपट होईल. टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज, तिची रुंदी म्हणजे कपॅसिटन्स.

चार्ज C × V इतका, आणि तो सगळा V इतक्या व्होल्टेजवरून दिलेला. म्हणून भरण्या-रिकामे करण्याच्या एका पूर्ण फेरीत पुरवठ्यातून जाणारी ऊर्जा C × V² असते. तिची अर्धी चार्ज होताना पीमॉसमध्ये उष्णता बनते, अर्धी डिस्चार्ज होताना एनमॉसमध्ये. ट्रान्झिस्टरचा रोध कमी असला की भरणे लवकर होते. वाया जाणारा वाटा मात्र तेवढाच राहतो. चांगला ट्रान्झिस्टर घातला की ही वीज वाचेल, असे वाटणे साहजिक आहे, पण गणितात रोध कुठेच येत नाही. सेकंदाला अशा f फेऱ्या झाल्या, तर

P = C × V² × f

हे सूत्र कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडते. खरे काम असते त्यात घालायचे आकडे शोधण्याचे, आणि सर्वांत त्रासाचा असतो C.

आपल्या 74HC04 च्या एका गेटने ८ मेगाहर्ट्झचा क्लॉक चार इनपुटांना पोचवायचा आहे असे धरू. एचसी जातीच्या चिपच्या डेटाशीटमध्ये एका इनपुटचे कपॅसिटन्स साधारण ३.५ पिकोफॅरड दिलेले असते. चारांचे झाले १४. छापील बोर्डावरच्या पट्ट्याला सेंटिमीटरमागे सुमारे १ पिकोफॅरड धरण्याचा प्रघात आहे. दहा सेंटिमीटरचा पट्टा असेल तर आणखी १०. बाहेरचा भार मिळून २४ पिकोफॅरड.

इथेच थांबले की अंदाज निम्म्याच्या जवळ येतो, कारण गेटच्या आतही ट्रान्झिस्टर आणि जोडण्या आहेत, आणि त्याही प्रत्येक फेरीत भरतात, रित्या होतात. शिवाय इनपुट खालून वर जात असताना क्षणभर दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट चालू असतात आणि थोडा प्रवाह सरळ ग्राउंडला निसटतो. उत्पादक हे सगळे एकाच आकड्यात बांधून देतात. डेटाशीटच्या शेवटच्या तक्त्यांत तो Cpd या नावाने छापलेला असतो. 74HC04 साठी तो दर गेटमागे २० पिकोफॅरडच्या आसपास आहे. हा कुठला खराखुरा कपॅसिटर नव्हे. आतला खर्च सूत्रात बसावा म्हणून काढलेला हिशेबी आकडा आहे. तो धरला की आपला C ४४ पिकोफॅरड झाला.

५ व्होल्टवर एका फेरीचा चार्ज ४४ × ५, म्हणजे २२० पिकोकुलंब. सेकंदाला ऐंशी लाख फेऱ्या, म्हणून सरासरी प्रवाह १.७६ मिलिअँपियर आणि वीज ८.८ मिलिवॅट.

f भरताना एक घोटाळा हमखास होतो. f म्हणजे पूर्ण फेऱ्या, वर आणि खाली मिळून एक. कोणी प्रत्येक बदल वेगळा मोजला तर उत्तर दुप्पट येते. आणि f म्हणजे त्या तारेच्या फेऱ्या, बोर्डावरच्या क्लॉकच्या नव्हेत. त्याच तारेवर क्लॉकऐवजी त्याच्या तालावर चालणारा डेटा असेल आणि ०-१ पूर्ण यादृच्छिक येत असतील, तर निम्म्या ठोक्यांनाच बदल होतो, आणि दोन बदलांची एक फेरी. म्हणजे फेऱ्या क्लॉकच्या चौथाई, २ मेगाहर्ट्झ, आणि वीज २.२ मिलिवॅट. मोठ्या चिपच्या अंदाजात सर्वांत डळमळीत भाग हाच असतो : कोणती तार किती वेळा हलणार, हे चालणाऱ्या प्रोग्रॅमवर अवलंबून असते.

आता संपूर्ण बोर्ड ३.३ व्होल्टवर आणू. ३.३ चा वर्ग १०.८९, ५ चा २५. त्यामुळे आपल्या गेटची वीज ८.८ वरून ३.८ मिलिवॅटवर येते, निम्म्याहूनही खाली. हे उत्तर बरोबर आहे, पण बॅटरीच्या बाजूने पाहणाऱ्याला ते अपुरे आहे. ते ३.३ व्होल्ट आले कुठून? ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर साधा लिनिअर रेग्युलेटर बसवला असेल, तर गेटला लागणारा १.१६ मिलिअँपियर प्रवाह ५ व्होल्टमधूनच येतो. पुरवठ्यावरचा बोजा ५.८ मिलिवॅट होतो आणि मधले २ मिलिवॅट रेग्युलेटर उष्णतेत घालवतो. वर्गाचा फायदा घसरून सरळ प्रमाणावर आला. तो पुरता हवा असेल तर स्विचिंग रेग्युलेटर लागतो, आणि एवढ्या लहान प्रवाहाला त्याचा स्वतःचा खर्च किती, हेही पाहावे लागते.

अंदाज पडताळण्याची एक सुरेख रीत आहे. पुरवठ्याच्या तारेत मिलिअँपियर मोजणारा मीटर घाला, चिपजवळचा कपॅसिटर मीटरच्या पुढे, चिपच्या बाजूला राहू द्या, आणि क्लॉक १, २, ४, ८ मेगाहर्ट्झ असा वाढवत नेऊन प्रवाह लिहून घ्या. आलेखावर सरळ रेषा मिळते. तिचा चढ म्हणजे C × V. आपल्या उदाहरणात दर मेगाहर्ट्झला ०.२२ मिलिअँपियर. चढाला ५ ने भागले की कपॅसिटन्स हाती येते, तेही एकेक तुकडा न मोजता.

मला या आलेखात चढापेक्षा रेषेचे दुसरे टोक अधिक बोलके वाटते. शून्य मेगाहर्ट्झकडे मागे नेल्यावर ती शून्य प्रवाहाजवळ पोचली पाहिजे. तिथे मिलिअँपियर शिल्लक दिसले, तर तो खर्च C × V² × f चा नाही. आउटपुटवर एलईडी किंवा रोध असेल तर कारण उघड आहे. तसे काही नसेल तर उरलेल्या पाच गेटच्या इनपुट पाहा. त्या लोंबकळत ठेवल्या असतील, तर त्यांचे व्होल्टेज मध्येच कुठेतरी तरंगते, दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धे चालू राहतात, आणि पुरवठा सतत गळतो. चिपजवळ हात नेल्यावर मीटरचा आकडा हलू लागला, की दोष हाच. न वापरलेल्या इनपुट ग्राउंडला बांधल्या की तो जातो.

मोजताना ऑसिलोस्कोपची प्रोबही काढून ठेवावी. १० पटींवरची प्रोब तारेवर १० ते १५ पिकोफॅरड वाढवते, एक पटीवरची १०० च्या आसपास. ४४ पिकोफॅरडच्या हिशेबात ही भर लहान नाही.

हेच गणित संगणकाच्या प्रोसेसरवर लावले की त्याची मर्यादाही कळते. इंटेलचा २००३ सालचा पेंटियम एम हा लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर. त्याची १.६ गिगाहर्ट्झची आवृत्ती पूर्ण वेगात १.४८४ व्होल्टवर चाले आणि काम कमी असले की ६०० मेगाहर्ट्झ व ०.९५६ व्होल्टवर उतरे. फक्त वेग उतरवला असता तर वीज घटली असती, पण काम तेवढेच जास्त वेळ चालून एकूण ऊर्जा तितकीच लागली असती, कारण फेऱ्या तेवढ्याच राहतात. वेग कमी केल्यावर कमी व्होल्टेज पुरते, आणि बचत तिथून येते. वर्गाच्या हिशेबाने प्रत्येक फेरीची ऊर्जा ४१ टक्क्यांवर येते.

कंपनीने थंड करण्याच्या व्यवस्थेसाठी दिलेला आकडा वरच्या वेगाला २४.५ वॅट होता. तो सगळा फेऱ्यांचा खर्च मानला, तर सूत्राने खालच्या वेगाला ३.८ वॅट यायला हवेत. कंपनीचा आकडा आहे ६ वॅट. हे आकडे पंखा आणि हीटसिंक ठरवण्यासाठी असतात, नेमके मोजमाप म्हणून नव्हेत, तरीही फरकाची दिशा खरी आहे. इतक्या बारीक ट्रान्झिस्टरांतून बंद असतानाही प्रवाह झिरपतो, आणि क्लॉक मंदावला म्हणून ही गळती थांबत नाही. त्यामुळे एखादे काम पावणेतीन पट वेळ घेऊन हळू केले, तर या आकड्यांनुसार ऊर्जा ४१ नव्हे, ६५ टक्के लागते. 74HC04 सारख्या चिपसाठी सूत्रावर निर्धास्त विसंबावे. प्रोसेसरसाठी मात्र गळतीचा आकडा वेगळा मागून घ्यावा आणि मगच बॅटरी किती तास पुरेल ते सांगावे.