कोपऱ्यातली फरशी काढली तर?

भाची न्यू जर्सीत तिसरीत आहे. गेल्या खेपेला तिच्याकडे गेले तेव्हा गृहपाठाच्या कागदावर एक आयत होता, बाजूंवर ४ आणि ३ लिहिलेले. परिमिती विचारली होती आणि तिनं उत्तर लिहिलं होतं १०. बारा लिहिलं असतं तर मी समजले असते, पोरीनं गुणाकार करून क्षेत्रफळ काढलं. सात लिहिलं असतं तर दोनच बाजू मिळवल्या म्हटलं असतं. पण दहा आले कुठून?

“चौकोन मोजले ना मावशी,” ती म्हणाली. तिनं आयतात पेन्सिलीनं बारा घरं आखली होती, आणि कडेची घरं एकेक करून मोजली होती. मधली दोन सोडून उरतात दहा. हिशोबात चूक नव्हती. मोजायची वस्तूच चुकली होती. परिमिती म्हणजे कडेची लांबी, आणि ती मोजत होती कडेला बसलेल्या घरांची संख्या.

अमेरिकेतल्या प्राथमिक वर्गांत प्लास्टिकच्या रंगीत फरशा सर्रास सापडतात. प्रत्येक फरशी एक इंच बाय एक इंच, रंग लाल, निळा, हिरवा आणि पिवळा. भाचीच्या घरीही एक डबा होता. बारा फरशांचा तोच आयत आम्ही जेवणाच्या टेबलावर मांडला आणि मी तिला म्हटलं, आता बाहेरच्या कडेवरून नख फिरव, आणि प्रत्येक फरशीची कड संपली की एक म्हण. पहिल्या कोपऱ्यावर ती अडखळली. कोपऱ्यातल्या फरशीच्या दोन कडा बाहेर उघड्या असतात, म्हणून ती एकच फरशी दोनदा मोजावी लागते. आयताला चार कोपरे, म्हणून चारदा असं होतं, आणि दहाचे होतात चौदा. (एकाच ओळीत मांडलेल्या फरशांना हा ‘चार मिळवा’चा नियम लागू पडत नाही. तिथे टोकाच्या फरशीच्या तीन कडा उघड्या असतात.)

नखानं मोजलेलं मुलं लगेच विसरतात, म्हणून दोरी घ्यायची. लोकर घेऊ नये. ती ताणली जाते आणि मग प्रत्येक मोजणीत वेगळंच उत्तर देते. जाड सुती दोरा बरा. सोळा फरशा एका सरळ रेषेत लावायच्या, त्यांच्या बाजूनं दोरा धरून दोन्ही टोकांना शाईची खूण करायची, खुणांच्या बाहेर दोन-दोन बोटं दोरा ठेवून कापायचा आणि खुणेला खूण जुळेल अशी गाठ मारायची. झालं सोळा इंचांचं कडं. बाहेर ठेवलेला दोरा गाठीत जातो, मापातला जात नाही. ही एवढी काळजी घेतली नाही तर पुढचा सगळा खेळ फसतो.

आता चार ओळी, प्रत्येकीत चार फरशा, असा चौरस मांडला. कडं भोवती चपखल बसलं. “आत किती?” सोळा. “भोवती किती?” सोळा. हा आकडा मुद्दाम निवडला होता, कारण इथेच पोरं घसरतात: दोन्हीकडे सोळा, म्हणजे दोन्ही गोष्टी एकच! मी विचारलं, “सोळा काय?” ती गप्प. मग फरशांवर तळवा ठेवून म्हणाली, “या सोळा,” आणि दोरीवर बोट ठेवून, “हे सोळा... इंच.” साडीचं अंग वेगळं आणि काठ वेगळा, हे तिला माझ्या ओढणीवर दाखवून झालंच होतं. तळवा आणि बोट हा फरक मला त्याहून कामाचा वाटला. मूल विचार करताना हात कसा ठेवतं ते पाहावं, उत्तर येण्याआधीच कळतं की ते कशाबद्दल बोलतंय.

पुढचा भाग मुख्य. “कोपऱ्यातली एक फरशी काढली तर दोरी सैल होईल, की पुरणार नाही?” आधी अंदाज सांगायचा, मगच काढायची. ती म्हणाली सैल होईल, कारण आकार लहान झाला. फरशी काढली, दोरी बोटानं खाचेत दाबली. नेमकी बसली. फरशा पंधरा, परिमिती सोळाच! काढलेल्या फरशीच्या दोन कडा गेल्या, पण आतल्या दोन फरशांच्या दोन कडा उघड्या पडल्या. इथे दोरी दाबायलाच हवी. नुसती ताणली तर ती खाचेवरून तिरकी जाते, सैल वाटते, आणि मूल आपलाच अंदाज बरोबर होता असं समजून मोकळं होतं.

कोपऱ्यातली परत ठेवून, बाजूच्या मधली एक काढली. आता दोरी खाचेत उतरवली तर कमी पडली, दोन इंचांनी. एक कड गेली आणि तीन उघड्या पडल्या. आकार लहान झाला आणि काठ वाढला. भाचीनं ती फरशी तीनदा आत-बाहेर केली.

हा गोंधळ फक्त मुलांचा नाही. लिपिंग मा या संशोधिकेनं १९९९च्या पुस्तकात अमेरिकेतले २३ आणि चीनमधले ७२ प्राथमिक शिक्षक काय म्हणतात ते मांडलं आहे. त्यांना विचारलं होतं: एक विद्यार्थिनी आनंदानं सांगते की तिनं नवा नियम शोधलाय, परिमिती वाढली की क्षेत्रफळ वाढतं. पुराव्याला ती ४ बाय ४चा चौरस आणि ४ बाय ८चा आयत दाखवते. पहिल्यात परिमिती १६, क्षेत्रफळ १६. दुसऱ्यात २४ आणि ३२. तुम्ही काय म्हणाल? अमेरिकी शिक्षकांपैकी एकानंच हा दावा खोडणारं उदाहरण शोधलं. चिनी शिक्षकांतले बहुतेक त्यापुढे गेले, तरी काहीजण तिथेही फसले. मला यात त्या मुलीचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. एक बाजू तीच ठेवून दुसरी वाढवली तर दोन्ही वाढणारच. तिनं एकच जोडी पाहिली, आणि नेमकी जिथे नियम खरा ठरतो तीच.

म्हणून फरशांचे दोन खेळ लागतात, एक पुरत नाही. पहिल्यात फरशा बाराच ठेवायच्या आणि आयत बदलत राहायचे. ३ बाय ४ला चौदा इंच दोरी, २ बाय ६ला सोळा, आणि एका ओळीत बारा मांडल्या तर सव्वीस. दुसऱ्यात सोळा इंचांचं कडं तेच ठेवायचं. १ बाय ७ला सात फरशा मावतात, २ बाय ६ला बारा, ३ बाय ५ला पंधरा, चौरसाला सोळा. अमेरिकेत बहुतेक राज्यांनी २०१०पासून स्वीकारलेल्या गणिताच्या सामायिक उद्दिष्टांत तिसरीला हेच अपेक्षित आहे: परिमिती तीच आणि क्षेत्रफळ वेगळं, किंवा क्षेत्रफळ तेच आणि परिमिती वेगळी, असे आयत दाखवता यावेत. सूत्रं वापरून उदाहरणं सोडवणं चौथीत येतं. घरी मात्र आपण हौसेनं तिसरीतच ‘लांबी अधिक रुंदी गुणिले दोन’ घोकून घेतो. दोन्ही सूत्रांत तेच दोन आकडे असल्यानं मूल त्यातलं एक काहीतरी करून मोकळं होतं.

क्षेत्रफळ तेच आणि परिमिती वेगळी, हे मेरिलिन बर्न्स यांच्या १९९७च्या एका चित्रपुस्तकातही भेटतं. त्यात ३२ पाहुण्यांसाठी आठ चौकोनी टेबलं मांडलेली असतात, प्रत्येकाला चार खुर्च्या. पाहुणे येतात आणि गप्पांसाठी टेबलं जोडायला लागतात. दोन टेबलं चिकटवली की आठऐवजी सहाच माणसं बसतात, कारण जोडावरच्या दोन कडा नाहीशा होतात. भाचीनं आठ फरशा घेऊन सगळी टेबलं दोन ओळींत चिकटवली आणि बाराजणांना बसवलं. बाकीच्या वीसजणांना तिनं दुसऱ्या पंगतीला थांबवलं.

मग पुन्हा तो चार बाय चारचा चौरस मांडला आणि तिनं अगदी आतली एक फरशी उचलली. दोरी जशीच्या तशी चपखल राहिली. “काही बदललं नाही,” ती म्हणाली. मी भोकाच्या आतल्या कडेवरून नख फिरवून दाखवलं. ती बराच वेळ पाहत राहिली, आणि मग म्हणाली, “मावशी, इथे दुसरी दोरी लागेल. चार इंचांची.” आणि कात्री शोधायला गेली.