कपातले पीठ, काट्यावरचे पीठ

कणकेच्या केकची एक साधी कृती घेऊ: दोन कप गव्हाचे पीठ, एक कप साखर. एका तुकड्यात किती कर्बोदके आणि प्रथिने जातात हे काढायचे, तर अन्नघटकांचे तक्ते 100 ग्रॅमचा हिशेब देतात, कपाचा नाही. म्हणून आधी कपाचे ग्रॅम करावे लागतात आणि चूक तिथेच होते.

पीठ चाळून चमच्याने कपात हलकेच भरले, तर 240 मिलिलिटरच्या कपात साधारण 120 ग्रॅम बसते. तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला, तर 150 ग्रॅमपर्यंत जाते. पिठाच्या कणांमधली हवा दाबाने निघून जाते आणि तिची जागा पीठ घेते. साखरेचे दाणे टणक असल्यामुळे ते असे दबत नाहीत, म्हणून साखरेचा कप जवळजवळ नेहमी 200 ग्रॅमच्या आसपास भरतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017च्या तक्त्यानुसार 100 ग्रॅम गव्हाच्या पिठात सुमारे 64 ग्रॅम कर्बोदके आणि साडेदहा ग्रॅम प्रथिने असतात. हलके भरलेले दोन कप म्हणजे 240 ग्रॅम पीठ, त्यात 154 ग्रॅम कर्बोदके. दाबून भरलेले दोन कप म्हणजे 300 ग्रॅम पीठ, त्यात 192. साखरेचे 200 ग्रॅम मिळवून आठ तुकडे केले, तर तुकड्यामागे एकदा 44 आणि एकदा 49 ग्रॅम येतात. कर्बोदके मोजून इन्सुलिन घेणाऱ्याला हा फरक कळायला हवा.

तांदळात घोटाळा वेगळा. राइस कुकरबरोबर येणारा कप बहुधा 180 मिलिलिटरचा असतो. 240च्या कपात सुमारे 190 ग्रॅम तांदूळ मावतो, तर कुकरच्या कपात सुमारे 140. शिवाय कच्च्या तांदळाचे आकडे भाताला लावता येत नाहीत. 190 ग्रॅम तांदळात सुमारे 149 ग्रॅम कर्बोदके असतात. त्याचा भात समजा 520 ग्रॅम झाला, तरी वाढलेले वजन पाण्याचे असते, कर्बोदके तेवढीच राहतात. म्हणून 150 ग्रॅम भाताच्या वाढपात सुमारे 43 ग्रॅम कर्बोदके येतात. भाताचे वजन करताना भांड्याचे वजन वजा करायला विसरू नका.

उपाय सोपा आहे. रिकामा कप स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. आपण नेहमी भरतो तसेच पीठ भरा, सुरीच्या पाठीने कड सपाट करा आणि वजन बघा. असे तीनदा करून सरासरी काढा. तिन्ही आकडे एकमेकांपासून दूर असतील, तर भरण्याची पद्धत एकसारखी नाही असे समजा. मिळालेला आकडा डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा आणि पीठ किंवा कप बदलला की नव्याने मोजा.

ज्यांना नेमका हिशेब हवा, त्यांनी पीठ तरी कपाने मोजू नये. थेट काट्यावरच घ्यावे.