डिस्चार्जचा कागद मराठीत उतरवताना

सांगोल्याजवळच्या गावातून मामींनी व्हॉट्सॲपवर दोन फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "एवढं मराठीत करून धाड." मामांना हृदयविकाराचा झटका आला होता, सोलापुरात ॲन्जिओप्लास्टी झाली होती आणि शनिवारी, १४ तारखेला ते घरी आले होते. कागद इंग्रजीत होता. त्याच्या तळाशी मात्र छापील ओळ होती की, वरील सर्व माहिती रुग्णाला व नातेवाइकांना समजेल अशा भाषेत सांगितली आहे. त्याखाली मामींची सही होती.

घरातल्या इंग्रजी वाचणाऱ्या माणसाकडे असे फोटो येतातच. तेव्हा हात पहिल्यांदा आजाराच्या नावाकडे जातो, कारण सगळ्यांना तेच जाणून घ्यायचं असतं. पण आजारावर उपचार होऊन गेलेले असतात. उद्या सकाळी घरातल्या माणसाला जे करायचं आहे, ते कागदाच्या शेवटच्या भागात असतं: गोळ्या, पुन्हा दाखवायची तारीख आणि कशासाठी ताबडतोब धावायचं ती ओळ. भाषांतर तिथून सुरू करावं.

त्याआधी फोटो धड हवा. मामींच्या फोटोंवर कोपऱ्यात 'पेज १ ऑफ ३' आणि '३ ऑफ ३' होतं; मधलं पान आलंच नव्हतं. तिसऱ्या पानाची घडी नेमकी गोळ्यांच्या तक्त्यातून गेली होती. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो आकसतो, आणि अशा वेळी सगळ्यात आधी हरवतो तो दशांशाचा ठिपका. तक्त्यात रामिप्रिलपुढे मला २५ दिसत होतं. रामिप्रिल साधारणपणे १.२५, २.५, ५ किंवा १० मिलिग्रॅममध्ये मिळतं, २५ मध्ये नाही, म्हणून संशय आला. तरीही 'अडीचच असणार' असं मनाने ठरवून लिहायचं नाही. कागद उंबऱ्याशी उजेडात सपाट ठेवायचा, तिन्ही पानांचे पुढून-मागून फोटो काढायचे आणि ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचे. सोबत औषधांच्या पाकिटांचेही फोटो मागायचे. पाकिटावर अडीच निघालं आणि नव्या फोटोत ठिपकाही दिसला. दोन्हीकडे एकच आकडा मिळाला की तो लिहायचा.

गोळ्यांच्या तक्त्यातली आद्याक्षरं थोडीच असतात, पण ती जागा पाहून वाचावी लागतात. ओडी म्हणजे दिवसातून एकदा. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर तेच ओडी म्हणजे उजवा डोळा. बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे रात्री झोपताना, बीबीएफ म्हणजे नाश्त्याआधी. १-०-१ हे सकाळ-दुपार-रात्र आता खेड्यातही सगळ्यांना कळतं. अडचण येते ती एसओएसची. मामांच्या कागदावर सॉर्बिट्रेटपुढे 'एसएल एसओएस' होतं. एसएल म्हणजे जिभेखाली धरायची, गिळायची नाही. एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. यातलं एक जरी राहून गेलं तरी ती गोळी बाकीच्यांबरोबर रोज पाण्याने घेतली जाते. मग खरंच छातीत दुखेल तेव्हा ती जिभेखाली ठेवायची हे कुणाला ठाऊकच नसतं. म्हणून या गोळीला तक्त्यात घालायचंच नाही. तिची वेगळी चौकट करायची.

औषधाच्या नावाचं भाषांतर होत नसतं. पाकिटावर जसं छापलंय तसं इंग्रजी अक्षरात उतरवायचं, शेजारी देवनागरीत उच्चार लिहायचा आणि नावामागचं शेपूट सोडायचं नाही. टेल्मा, टेल्मा-एएम आणि टेल्मा-एच ही तीन वेगळी औषधं आहेत. पहिल्यात फक्त टेल्मिसार्टन असतं, दुसऱ्यात त्याच्या जोडीला ॲम्लोडिपिन आणि तिसऱ्यात लघवीवाटे पाणी काढणारं औषध. 'ती लाल गोळी' अशी ओळख तर लिहूच नये. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचं पाकीट दिलं की रंग बदलतो.

मामांच्या कागदावर खरी गाठ मात्र एका लहानशा ओळीत होती: 'होल्ड मेटफॉर्मिन टिल रिव्ह्यू'. पुन्हा दाखवेपर्यंत मेटफॉर्मिन थांबवा. ॲन्जिओग्राफीत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून जो रंग सोडतात, त्याचा भार मूत्रपिंडावर पडू शकतो. मूत्रपिंड मंदावलं तर मेटफॉर्मिन शरीरात साठतं. म्हणून काही रुग्णांना क्रिएटिनिनची तपासणी होईपर्यंत ते बंद ठेवायला सांगतात. मी मामींना फोनवर ओळ वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "तसली गोळी आपल्यात न्हाईच बघ. साखरेची ती ग्लायकोमेट-जीपी तेवढी हाय."

ग्लायकोमेट म्हणजेच मेटफॉर्मिन. जीपी या शेपटात ग्लिमेपिराइड हे साखरेचं दुसरं औषधही आहे. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात दोन्ही नावं असतात, पण मोठं नाव कंपनीचं. मामींनी कागदावरचं नाव पाकिटांवर शोधलं होतं आणि ते सापडलं नाही म्हणून निश्चिंत झाल्या होत्या. माझं भाषांतर अक्षरशः अचूक असतं तरी मामा ती गोळी घेत राहिले असते.

आता इथे भाषांतर करणाऱ्याने 'ग्लायकोमेट-जीपी बंद करा' असं लिहावं का? माझ्या मते नाही. मेटफॉर्मिन थांबवायला सांगितलंय. तिच्यातच बसलेल्या ग्लिमेपिराइडबद्दल कागद काही बोलत नाही. आख्खी गोळी बंद केली तर साखर चढू शकते, चालू ठेवली तर नको असलेलं औषध पोटात जातं. हा निर्णय डॉक्टरांचा. मी ओळ जशी आहे तशी मराठीत लिहिली. तिच्याखाली वेगळ्या शाईने 'घरातल्या ग्लायकोमेट-जीपीत मेटफॉर्मिन आहे. पुढची गोळी घेण्याआधी विचारणे' असं लिहिलं. कागदावर वॉर्डचा नंबर होता. फोन तिथेच लावायचा आणि कागदावरचा नोंदणी क्रमांक सांगायचा, म्हणजे तिकडच्या डॉक्टरांना केस सापडते. दुपारी फोन झाला. ग्लिमेपिराइडची वेगळी गोळी त्यांनी सांगितली आणि ती गावातल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यायला लावली.

या फोनवर आणखी एक प्रश्न विचारून घेतला. मामा आधीपासून टेल्मा-एएम घेत होते. नव्या कागदावर ती ना 'चालू' होती ना 'बंद'. नव्या यादीत रामिप्रिल होतं, आणि रामिप्रिल व टेल्मिसार्टन सहसा एकत्र देत नाहीत. दोन्ही मिळून पोटॅशियम वाढू शकतं आणि मूत्रपिंडाला त्रास होतो. उत्तर आलं: टेल्मा-एएम बंद. म्हणूनच घरातल्या जुन्या पाकिटांचे फोटो मागवल्याशिवाय डिस्चार्जच्या कागदाचं काम पुरं झालं असं मी मानत नाही. जी गोळी कागदावर नाही तिच्याबद्दल घरचे लोक स्वतःच ठरवतात, आणि बहुतेक घरांत ठरतं ते 'जुनंही चालू राहू दे' असंच.

तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात सगळ्या गोळ्यांपुढे '× ७ दिवस' होतं. हे वाचून सात दिवसांनी गोळ्या संपल्या असं समजणारे कितीतरी जण असतात. इथे त्याचा अर्थ पुढच्या तपासणीपर्यंतचा साठा एवढाच. मामांच्या रक्तवाहिनीत स्टेंट आहे, आणि ॲस्पिरिन व टिकाग्रेलॉर या रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्यांची जोडी झटक्यानंतर सहसा वर्षभर चालते. मध्येच बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होण्याचा धोका असतो. दात काढायचा असला तरी परस्पर थांबवायची नसते. मराठी कागदावर मी '७ दिवसांच्या गोळ्या दिल्या आहेत. संपण्याआधी दाखवणे' असं लिहिलं. याचीही खात्री त्याच फोनवर करून घेतली, कारण एखादा अँटिबायोटिकचा कोर्स असता तर '× ७ दिवस' म्हणजे खरंच सात दिवस आणि मग बंद.

पुन्हा दाखवण्याच्या ओळीत होतं: सात दिवसांनी, क्रिएटिनिन आणि उपाशीपोटी व जेवणानंतरच्या साखरेच्या रिपोर्टसह, हृदयविकार ओपीडी मंगळवार-शुक्रवार. 'सात दिवसांनी' असं मराठीत लिहून सोडलं तर मामा २१ तारखेला शनिवारी सोलापूरला पोचले असते आणि ओपीडी बंद असती. विचारल्यावर शुक्रवार, २० तारीख मिळाली. रिपोर्ट 'सह' यायचंय, म्हणजे रक्त आदल्या दिवशी, गुरुवारी सांगोल्यात द्यायचं: एकदा उपाशीपोटी आणि मग जेवून दोन तासांनी पुन्हा. गावाहून येणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ डबा बरोबर न्यायचा, लॅबजवळ बसून खायचा आणि घड्याळ बघायचं. साखरेची गोळी त्या सकाळी कधी घ्यायची हेही विचारून लिहिलं. टाके असले की दिवसांची मोजणी आणखी फसवी होते: 'पीओडी १०' म्हणजे ऑपरेशननंतरचा दहावा दिवस, घरी आल्यापासूनचा नव्हे. म्हणून 'अमुक दिवसांनी' कुठेही ठेवायचं नाही. वार आणि तारीख लिहायची.

निदानाची बाजू शेवटी घेतली. 'के/सी/ओ' म्हणजे आधीपासून ठाऊक असलेला आजार, मामांच्या बाबतीत मधुमेह आणि रक्तदाब. 'एडब्ल्यूएमआय' म्हणजे हृदयाच्या पुढच्या भिंतीला आलेला झटका. 'एलव्हीईएफ ४५ टक्के' वाचून मामेभाऊ घाबरला. त्याला वाटलं, हृदय निम्म्याहून जास्त निकामी झालं. एका ठोक्याला डाव्या कप्प्यातल्या रक्ताचा किती भाग बाहेर फेकला जातो, त्याचा हा आकडा. निरोगी हृदयातही तो शंभर नसतो, साधारण ५५ ते ७० असतो. म्हणजे ४५ कमी आहे, पण भावाला वाटलं तितकं नाही. याहून जास्त समजावण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. पुढे काय होईल हे डॉक्टरांनी सांगावं.

'ताबडतोब या' ही ओळ कागदाच्या अगदी तळाशी बारीक टायपात होती. मराठीत ती सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात घेतली: छातीत दुखणं, दम लागणं, कुठूनही रक्त येणं, चक्कर येऊन पडणं. त्याखाली १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर लिहिला.

हे सगळं मोबाइलवर टाइप करून पाठवलं तर ते लग्नाच्या फोटोंखाली गाडलं जातं. मी कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: सकाळ, दुपार, रात्र असे रकाने, प्रत्येक ओळीत पाकिटावरचं नाव आणि शेवटी माझी तारीख. पुढच्या तपासणीनंतर हा कागद जुना होणार आणि दोन कागद एकत्र नांदले की गोंधळ ठरलेला. प्रिंट काढून कपाटाच्या दाराला आतून लावायला सांगितली. मूळ इंग्रजी फाइल दवाखान्यात न्यायची पिशवी सोडून कुठेही ठेवायची नाही. कुटुंबाच्या ग्रुपवर काही टाकलं नाही. तिथे गेलं असतं तर तासाभरात कुणीतरी अर्जुनाची साल उकळून घ्यायला सांगितलं असतं.

शेवटी मामींना फोन लावला आणि कागद त्यांनाच वाचायला लावला. सकाळच्या गोळ्या पाकिटं हातात घेऊन त्यांनी बरोबर सांगितल्या. सॉर्बिट्रेटशी आल्यावर थबकल्या आणि विचारलं, "ही जिभंखाली, पर किती येळा?" तेवढं कागदावर नव्हतं, इंग्रजीतही नव्हतं. शुक्रवारी विचारायच्या यादीत ते पहिलं लिहिलं, आणि तोवर चालढकल नको म्हणून वॉर्डला पुन्हा फोन केला.