पहिली पंधरा मिनिटं

क्रीड या कंपनीचं ‘अव्हेंटस’ 2010 साली आलं. अननसाचा गोडवा आणि मागे धुरकट लाकडाचा वास, ही त्याची ओळख. त्याच धर्तीचं, पण कितीतरी स्वस्त असलेलं दुबईच्या अरमाफचं ‘क्लब द नुई इंटेन्स मॅन’ आज खूप खपतं. दोन्ही कागदाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर फवारून पाहा. लगेच हुंगलं, तर अरमाफमध्ये लिंबाचा बोचरा, काहीसा कृत्रिम झटका बसतो. तासाभराने मात्र दोन्ही पट्ट्या बऱ्याच जवळ येतात.

असं का होतं? प्रयोगशाळेतलं यंत्र अत्तरातले बरेचसे घटक वेगळे करून दाखवतं. तळाशी रेंगाळणारे अँब्रोक्सानसारखे कृत्रिम रेणू बाजारात कुणालाही मिळतात, त्यामुळे शेवट जुळवणं सोपं असतं. सुरुवातीच्या फळांच्या ताजेपणासाठी मात्र बर्गमोटसारखी नैसर्गिक तेलं लागतात. त्यांत अनेक घटक सूक्ष्म प्रमाणात असतात आणि ती महागही पडतात. काटकसर बहुधा इथेच होते.

वास जास्त टिकला म्हणजे माल उंची, असंही नाही. जड रेणू सावकाश उडतात, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून दुकानात पहिल्या फवाऱ्यावर निर्णय घेऊ नका. मनगटावर लावा, पंधरा मिनिटांनी, तासाने आणि चार तासांनी हुंगा. शेवट आवडला आणि सुरुवात सोसवली, तर प्रतिरूप घ्यायला हरकत नाही. पहिल्या पंधरा मिनिटांचा मोह असेल, तर मूळ अत्तराची छोटी बाटलीच बरी.